४७ मुद्द्यांचा माणूस आणि १,८४० रुपये

घणसोलीची
माझ्या कथेतला शरद ६७ वर्षांचा आहे. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या तीन मजली इमारतीत राहतो, सोसायटीचा खजिनदार आहे. लिहायला बसण्याआधी मी त्याची चार पानी कॅरेक्टर शीट केली, एकूण ४७ मुद्दे. प्रामाणिक, काटकसरी, मायाळू पण बोलून न दाखवणारा, मोठ्या भावाला वचकून असणारा, चहा बिनसाखरेचा, असं सगळं. कथा १४ पानांची झाली. चौघांना वाचून दाखवली, तर तिघं म्हणाले, माणूस दिसत नाही. आता माझं मत असं झालंय की शीट करणं हाच वेळेचा अपव्यय. माणसाला सरळ प्रसंगात सोडावं आणि काय करतो ते बघावं. तुम्हाला पटतं का? आणि केलेल्या शीटचं काय करू?

कोपरीकर
पूर्ण पटतं. शीट फाडा आणि कथेत विशेषण दिसलं की खोडा. प्रामाणिक आहे म्हणू नका, रिक्षावाल्याने चुकून दिलेले जास्तीचे दहा रुपये त्याला परत करू द्या. काटकसरी आहे ना, मग टूथपेस्टची ट्यूब कापून आतलं बोटाने काढू द्या. मायाळू असेल तर गेटवरच्या कुत्र्याला बिस्कीट घालू द्या. प्रत्येक मुद्द्याला एक कृती. मी असंच करतो.

तलावपाळी
कोपरीकर, विशेषण खोडण्यापर्यंत तुमच्याबरोबर आहे. पण तुम्ही सुचवलेल्या तिन्ही कृती म्हणजे तीच यादी, फक्त कपडे बदलून. दहा रुपये परत करायला शरदला काहीच पडत नाही. कुत्र्याला बिस्कीट घालणारा माणूस तर निम्म्या कथांमध्ये असतो, आणि लेखकाने त्याला तिथे कशासाठी उभा केलाय हे वाचक लगेच ओळखतो. कृती आणि निवड यांत फरक आहे. निवडीत एक गोष्ट घेताना दुसरी सोडावी लागते, आणि सोडलेली गोष्टही त्या माणसाला हवी असते. ॲरिस्टॉटलने नाटकाबद्दल लिहिताना हेच म्हटलंय, की बोलणारा काही निवडत किंवा टाळत नसेल तर त्या बोलण्यात स्वभाव नसतो.

घणसोलीताई, तुमची अडचण मला अशी दिसते. यादीत गुण शेजारीशेजारी बसलेले असतात. प्रामाणिक एका ओळीत, मायाळू पुढच्या ओळीत, आणि दोघांचं एकमेकांशी काही भांडण नाही. भांडण लागलं तर शरदच्या मनात कोण वर आणि कोण खाली, हे ४७ मुद्द्यांत कुठेच लिहिलेलं नाही. आणि माणूस म्हणजे तो क्रमच.

तुमचाच शरद घेऊ. इमारतीतली वयस्कर मंडळी मेंटेनन्स रोख देतात, पाकीट वॉचमनच्या हाती देऊन. पहिल्या मजल्यावरच्या आजींचं १,८४० रुपयांचं पाकीट शरदपर्यंत पोचलंच नाही. वॉचमनला विचारल्यावर तो आधी गप्प बसतो, मग म्हणतो, पुढच्या महिन्यात भरतो.

एक शरद कमिटीच्या सभेत सांगतो. वॉचमनची नोकरी जाते, हिशेब चोख राहतो. दुसरा शरद कोणाला सांगत नाही, पण वॉचमनच्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये घेतो, घरच्या वेगळ्या वहीत मांडून ठेवतो आणि दहाव्या महिन्यात उरलेले ४० रुपयेसुद्धा मागून घेतो. तिसरा शरद स्वतःच्या खिशातले १,८४० घालतो आणि आजींच्या पावतीवर मागची तारीख टाकतो. तिघांचीही शीट एकच आहे, तिघेही प्रामाणिक, काटकसरी आणि मायाळू. पण तीन वेगळी माणसं आहेत. ते चाळीस रुपये मागणारा शरद तर मला आत्ताच डोळ्यांसमोर दिसायला लागला.

म्हणून शीट फाडू नका. तिच्यातून एकमेकांशी भांडतील असे तीनच मुद्दे काढा. बाकीचे ४४ जवळ ठेवा, पान दोनवर बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस पान अकरावर साखर मागायला नको, एवढ्यापुरते.

एकांकिकावाला
मला वाटतं प्रश्न नटाचा आहे, आणि नटाला शीट लागतेच. आमच्या ग्रुपमध्ये तालमीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण आपल्या भूमिकेची माहिती लिहितो, जन्मगावापासून. मागच्या वर्षी मी एक कारकून केला होता. त्याला दम्याचा त्रास आहे असं मी शीटमध्ये लिहिलं. संहितेत त्याचा उल्लेखही नव्हता, पण जिना चढून आल्यावरचं प्रत्येक वाक्य मी वेगळं बोललो. तेव्हा शीटला नावं ठेवू नका.

घणसोलीची
माझी कथा आहे हो, नाटक नाही. शरदचं काम करणारं कोणी नाही.

एकांकिकावाला
अच्छा, मी घाईत वाचलं. तरी एक सांगतो. रंगमंचावर प्रेक्षकाला शीट वाचता येत नाही, म्हणून नवा लेखक ती संवादात कोंबतो. ‘तुला माहीत आहे ना, मला खोटं अजिबात खपत नाही!’ असं वाक्य आलं की आम्ही तालमीत थांबतो आणि विचारतो, हे तो कोणाला सांगतोय? समोरच्याला तर माहीत आहे. कथेतही अशी वाक्यं असतील तर आधी ती शोधा.

कळव्याची वाचक
मला हा सगळा रोखच पटत नाही. मी चाळीस वर्षं दिवाळी अंक वाचते आहे. निवेदकाने माणसाबद्दल सरळ सांगणं ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे. ‘दादा काटकसरी होता’ हे वाक्य मेलेलं आहे, मान्य. पण ‘दादा काटकसरी होता, विशेषतः दुसऱ्याच्या पैशांच्या बाबतीत’ हे वाचल्यावर मला दादाही कळतो आणि सांगणाराही कळतो. हे दाखवायला तुम्ही तीन पानांचा प्रसंग घालणार का? विशेषणं खोडत सुटलेल्या कथा मी अलीकडे बऱ्याच वाचल्या. प्रत्येक जण चहाचा कप उचलतो, खिडकीशी जातो, परत येतो, आणि त्याच्या मनात काय आहे ते मी ओळखायचं.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निवड ज्याच्या हातात आहे त्याच्याबद्दल तुम्ही बोलताय. शरद खजिनदार आहे, त्याच्या खिशात पैसे आहेत. माझी आई एकत्र कुटुंबात तीस वर्षं राहिली. काय शिजवायचं, माहेरी कधी जायचं, मला कोणत्या शाळेत घालायचं, यातलं काहीही तिने ठरवलं नाही. मग तुमच्या हिशेबाने तिला स्वभावच नव्हता?

तलावपाळी
निवेदकाच्या आवाजाबद्दल तुमचं बरोबर आहे, मी तो मुद्दा सोडूनच दिला होता. दादाच्या वाक्यात जीव आहे, कारण ते सांगणाऱ्याने दादाबद्दल घेतलेली बाजू आहे. शरदला कमिटीतला कोणी चिंधी म्हणत असेल तर ते कथेत जरूर येऊ दे, म्हणणाऱ्याची साक्ष म्हणून.

आईंबद्दल जपून बोलतो. निवड लहान झाली तर ती लहान जागेत शोधावी लागते असं मला वाटतं. पोळ्या वाढताना शेवटची कोणाच्या ताटात गेली, माहेरचं पत्र घरातल्या कोणाकडून वाचून घेतलं, काय सांगितलं नाही.

कळव्याची वाचक
शेवटची पोळी नेहमी धाकट्या काकांच्या ताटात जायची, कारण आजीचा तसा हुकूम होता. तुम्ही तिथे निवड शोधाल आणि सापडली असं लिहालही, पण ते आईवर लादलेलं असेल. काही माणसांना काय काय करता आलं नाही यातूनच लिहावं लागतं. यावर तुमचं-माझं जमणार नाही.

कोपरीकर
कुत्रा-बिस्कीट मागे घेतो. पण वॉचमनने पैसे का घेतले हे आलं पाहिजे. मुलीच्या शाळेची फी, असं काहीतरी.

तलावपाळी
ते दिलंत की पारडं एका बाजूला झुकलं. वाचक वॉचमनला आधीच माफ करतो, आणि मग शरदने माफ केलं यात शरदचं असं काही उरत नाही. कारण अर्धवट राहू दे. गावी लग्न होतं, एवढंच. खरं की खोटं तेही कळायला नको. उलट बाजूनेही तेच, पैसे दारूवर उडवले म्हणालात तर कमिटीला सांगणं सोपं होतं. आणि रक्कम शरदला झोंबली पाहिजे. पेन्शनवर जगणाऱ्याला १,८४० झोंबतात. १८० असते तर ती टीप झाली असती.

घणसोलीची
दोन दिवस यावर बसले. तिसरा शरद घेतला. असं लिहिलंय:

‘शरदने पेटी उघडली. पाकिटातून पाचशेच्या तीन नोटा काढल्या, शंभराच्या तीन. चाळीस सुटे नव्हते. आत जाऊन देवघरातल्या डबीतून दहाच्या चार नोटा आणल्या. आजींच्या नावाची पावती फाडताना तारखेपाशी पेन थांबलं, मग त्याने पाच तारीख घातली. आज सतरा होती. पैशापेक्षा माणूस मोठा, असं त्याला वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनला जायला तो रिक्षा न करता चालत निघाला.’

पूर्वी याच जागी ‘शरद मुळातच प्रामाणिक आणि मायाळू’ हा अख्खा परिच्छेद होता. तो काढला.

तलावपाळी
देवघरातली डबी छान, ती शीटमध्ये नसणार. ‘पैशापेक्षा माणूस मोठा’ हे वाक्य मात्र काढा. शीट तिथून परत आत शिरली आहे. शरदने तसं केलं ते मायेने, की खजिनदार म्हणून आपल्या काळात पाकीट गेलं याची लाज वाटून, हे त्या वाक्याविना उघडं राहतं, आणि ते उघडं राहिलं तरच पुढचं पान वाचावंसं वाटतं. आता हे कोणा नव्या माणसाला वाचायला द्या, शीट न दाखवता. तो प्रामाणिक आहे का असं विचारू नका. पुढच्या महिन्यात आणखी एक पाकीट गेलं तर हा काय करेल, असं विचारा. वाचणारा चटकन काहीतरी म्हणाला आणि का तेही सांगू शकला, तर माणूस उभा राहिला.

एकांकिकावाला
मी नवाच आहे, मला विचारा. दुसऱ्यांदाही तो स्वतःच भरेल. मागची तारीख टाकलेली पावती आता वॉचमनला माहीत आहे. शरद अडकलाय.

घणसोलीची
हे मला सुचलंच नव्हतं! मी त्याला दुसऱ्या वेळी कमिटीत बोलायला लावणार होते.

कळव्याची वाचक
दुसरं पाकीट कोणाचं आहे?

घणसोलीची
अजून ठरवलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर त्याचा मोठा भाऊ राहतो, शीटमध्ये मुद्दा २९. चौदा पानांत तो फक्त एकदा जिन्यात भेटला होता. पाकीट त्याचं केलं तर शरदला ते भरून गप्प बसता येणार नाही, कारण भाऊ दर महिन्याच्या सहा तारखेला स्वतः खाली येऊन पावती मागतो. आज सहाव्या पानापासून परत लिहायला घेते.

कळव्याची वाचक
घ्या. पण भाऊ पहिल्यांदा खाली येईल तेव्हा त्याच्याबद्दल एक वाक्य तुम्ही स्वतः सांगा. मला ते हवंय.