१ टक्का सरासरी आणि टी-स्टॅट

"माझा इक्विटी फंड तीन वर्षं महिन्याला सरासरी १ टक्का रिटर्न देतोय, म्हणजे त्याची खरी सरासरी शून्य तर नक्कीच नाही ना?"

तसं अजून म्हणता येत नाही. महिन्याच्या रिटर्नचं स्टँडर्ड डेव्हिएशन ५ टक्के धरा (इक्विटी फंडात एवढी उलथापालथ असतेच), त्याला ३६ च्या वर्गमुळाने म्हणजे ६ ने भागलं की ०.८३ येतो, हा झाला स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरी निव्वळ नशिबाने साधारण किती इकडेतिकडे होऊ शकते ते, आणि सरासरी त्याच्या किती पट आहे हे सांगणारा टी, १ भागिले ०.८३, जेमतेम १.२. टी साधारण २ च्या वर गेला तरच सरासरी शून्य नाही असं लोक मानतात. सरासरी आणि चढउतार हेच राहिले तर २ गाठायला १०० महिने लागतात, आठ वर्षांच्या वर.

आणि मुळात शून्याशी तुलना कशाला, जवळजवळ बिनजोखमीच्या लिक्विड फंडाचा महिन्याचा अर्धा टक्का वजा केलात की टी ०.६ वर येतो, मग लागतात ४०० महिने. तोवर फंड मॅनेजर रिटायर होऊन कर्जतला बंगल्यात बसलेला असेल.