अश्विनीला शुभेच्छा, आणि पहिल्या महिन्याच्या पैशांबद्दल थोडं

प्रेषक: सुजाता
प्रति: मंडळाची यादी

अश्विनी,

सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण इथल्या निम्म्या लोकांनी तुला बेळगावात शहापूरच्या गल्लीत फ्रॉकमध्ये धावताना पाहिलंय आणि तू जर्मनीला निघालीस याचा आनंद त्यांनाही हवा. मास्टर्सला प्रवेश, पदवी तपासून मिळणारा एपीएसचा दाखला, व्हिसा, सगळं तू एकटीने ओढून आणलंस. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी जर्मनचा क्लास, हे मी लांबून बघत होते. मला तुझा फार अभिमान वाटतो गं.

भाषेची धास्ती तू फोनवर बोलून दाखवलीस. घरी मराठी, शाळेत आणि सरकारी कचेरीत कन्नड, आणि खडेबाजारात समोरचा जी बोलेल ती. असं वाढलेल्या मुलीला चुकत चुकत बोलायची लाज नसते. तीच सवय तिथे कामाला येईल. वर्गातल्या हुशार मुलांना व्याकरण येतं, पण बेकरीत तोंड उघडत नाही. तुझं उघडेल.

आता पैशांचं. व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेलं जे ब्लॉक अकाउंट, त्यात तुझे ११,९०४ युरो आहेत, म्हणजे महिन्याला ९९२. पण विमानातून उतरल्या दिवशी त्यातला एकही युरो हातात येत नाही. आधी राहत्या पत्त्याची नोंदणी, मग तिथलं चालू खातं, मग ब्लॉक अकाउंटवाल्यांना कागद पाठवून हप्ता सुरू करून घ्यायचा. नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा नियम आहे, पण ऑक्टोबरात सगळेच विद्यार्थी एकदम येतात आणि वेळ मिळत नाही. म्हणून तारीख इथूनच ऑनलाइन घेऊन ठेव. आणि घरमालकाची किंवा हॉस्टेलची सही असलेला, 'ही इथे राहायला आली' असा कागद मागून घे. भाडेकरार वेगळा, हा कागद वेगळा. तो नसला तर खिडकीवरून परत पाठवतात.

सांभाळून जा. पोचलीस की आईला आधी फोन, मग मला.

सुजाता

---

प्रेषक: मिलिंद

अश्विनी, मनापासून अभिनंदन! सुजाताताई उगाच घाबरवतायत. ब्लॉक अकाउंट आहे म्हणजे चिंता नाही, व्हिसा त्याच्यावरच तर देतात. दोनेकशे युरो खिशात ठेव, बाकी तिथे गेल्यावर होतं. आजकाल खातं मोबाइलवरच उघडतं. आणि विम्याला व्हिसासाठी जो प्रवासाचा घेतलास तोच पुरतो.

---

प्रेषक: शारदाकाकू

अश्विनीबाळा, खूप शिक, खूप मोठी हो. आमची आशा होती तू बेंगळुरूलाच राहशील, पण असो, देव तुझं भलं करो. दोन किलो कुंदा करून देते, तिथल्या मित्रमैत्रिणींना वाट. तूप घरचं आहे, तेही बरणीत भरते. बरणी गळणार नाही ना गं विमानात?

---

प्रेषक: सुजाता

मिलिंद, मोबाइलवर खातं उघडतं हे खरं. काही बँका पासपोर्टवर उघडून देतात, बऱ्याच मात्र नोंदणीचा कागद मागतात. तिला कुठली बँक सोयीची पडेल ते आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. पण दोनशे युरोचं गणित बसत नाही, मांडूनच दाखवते.

समज, अश्विनी २४ सप्टेंबरला उतरली. हॉस्टेलचा करार १ ऑक्टोबरपासून. आधी चावी देत नाहीत, शनिवार-रविवारी तर नाहीच. म्हणजे आठवडाभर दुसरीकडे राहणं, समज २५० युरो. एक तारखेला भाडं ३२० आणि अनामत ५००. विम्याचा पहिला हप्ता साधारण १५०. जेवण, बस, पांघरूण, भांडी धरून २५०. झाले १,४७०. नोंदणी १० तारखेला, खातं १५ ला, हप्ता सुरू करायचे कागद पाठवले आणि पहिले ९९२ आले महिन्याच्या शेवटी. तोवर हे सगळं स्वतःच्या पैशातून. आकडे शहरागणिक बदलतील, क्रम बदलत नाही. म्हणून फॉरेक्स कार्डावर १,५०० ते १,८०० ठेव, थोडी रोख वेगळी. कार्ड हरवलं तर दुसरं कार्ड वेगळ्या पिशवीत.

चावी हातात येण्याआधी खाजगी घरमालकाने अनामत मागितली तर देऊ नकोस. 'मी परदेशात आहे, चावी पोस्टाने पाठवतो' असं कुणी म्हणालं की ती फसवणूक समज, घर कितीही छान दिसो.

विम्याचं मात्र मिलिंद, तुझं चुकलंय. प्रवासाचा विमा पोचेपर्यंत आणि पहिल्या काही दिवसांपुरता. विद्यापीठात नाव दाखल करायला तिथल्या विमा संस्थेची नोंद लागते. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी योजनेचा स्वस्त दर मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून खाजगी घेऊन त्या योजनेतून सूट मागितली, तर शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. आजारपण आलं तर मग कळतं. अश्विनी, सही करण्याआधी मला फोन कर, रात्री बारा वाजले तरी चालेल.

काकू, तूप नको! युरोपबाहेरून दूध आणि दुधाचे पदार्थ सामानात न्यायला बंदी आहे. तूप, पनीर, खवा काढून घेतात. मिठाई, बिस्किटं यांना सूट आहे, पण कुंदा मिठाई की दुधाचा पदार्थ, हे विमानतळावर समोर उभा असलेला अधिकारी ठरवणार. माझं मत, नेऊ नये. मांडे द्या, खवा न घातलेले, फक्त डब्यात कागद भरून, नाहीतर चुरा होईल. चटणी पूड, मेतकूट, गोडा मसाला बिनधास्त. कढीपत्ता ताजा नको.

---

प्रेषक: दिगंबरकाका, निपाणी

अश्विनीला आशीर्वाद. माझाही प्रश्न आहे. पुतण्या आयर्लंडला चाललाय, त्यालाही हे ब्लॉक अकाउंट काढावं लागेल का? आणि त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव एका तऱ्हेने आहे, पासपोर्टात दुसऱ्या. जन्माच्या दाखल्यात बेळगाव आणि पासपोर्टात बेळगावी असं झालंय. कुणी अडवेल का?

---

प्रेषक: सुजाता

काका, आयर्लंडचे नियम वेगळे, ते त्यांच्या व्हिसाच्या पानावरच बघायला सांगा, मी अंदाजाने काही सांगणार नाही. शहराचं नाव २०१४ मध्ये बदललं, त्यामुळे ते दोन तऱ्हेने असणं समजून घेतात. आडनावाचा मामला मात्र वेगळा. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, पण प्रत्येक ठिकाणी तेवढ्यावर भागेलच असं नाही. गुणपत्रिका दुरुस्त होते का, तेही बोर्डात आधी विचारा.

---

प्रेषक: अश्विनी

सगळ्यांना नमस्कार. काकू, तुपाची बरणी मी रडत रडत परत करणार आहे, मांडे दोन डबे द्या. सुजाता, हॉस्टेलला मेल टाकलाय, चावी एक तारखेआधी देणार नाहीत, म्हणजे तो आठवडा खराच आहे. राहायला कुठे, ते अजून ठरलेलं नाही. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा. कार्डावर १,६०० भरून घेतले. बाबा म्हणाले दोन हजार कर, पण एवढ्यात फॉरेक्सचा भाव चढलाय.

मिलिंददादा, विमा सरकारीच घेते.