अनुभव धागा: भेटीसाठी घरी केलेले साबण, मेणबत्त्या, धूप

धागा सुरू करणारी

हा धागा काढायचं कारण माझ्या कपाटात पडलंय. बारा वड्या आहेत, कागदात गुंडाळून वर नावांच्या चिठ्ठ्याही लावल्यात, पण एकही कोणाला द्यायची हिंमत होत नाही.

कृती माझी नेहमीचीच. एक किलो तेल, त्यात ६०० ग्रॅम ऑलिव्ह, ३०० खोबरेल आणि १०० एरंडेल. कॉस्टिक सोडा १४१ ग्रॅम, पाणी २८२. यावेळी ऐन वेळी खोबरेल संपलेलं निघालं. शेवटी तेलच ना, म्हणून त्याच्या जागी ३०० ग्रॅम ऑलिव्ह जास्त घातलं. सोडा होता तेवढाच ठेवला. साबण दिसायला देखणा झाला. पाच आठवड्यांनी हात धुतले तर बोटांच्या पेरांना चुरचुर. ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला लावलं तर बॅटरीचं टोक चाटल्यासारखा झटका बसला.

तुमच्याही फसलेल्या खेपा, भाजलेली बोटं, चुकलेले हिशेब आणि पहिलं गिऱ्हाईक, सगळं लिहा. आणि या बारा वड्यांचं काय करू तेही सांगा.

निवांत

काळजी करू नका. अजून दोन महिने ठेवा, सोडा हवेत उडून जाईल. माझ्या वड्याही आधी झोंबायच्या, नंतर छान झाल्या.

पातेलं-वजनकाटा

निवांत, उडतं ते पाणी, सोडा नाही. वडीच्या पृष्ठभागावरच्या सोड्यावर हवेचा परिणाम होतो आणि पांढरी राख धरते, तिथपर्यंत तुमचं बरोबर. पण आतला सोडा आतच राहतो. तुमच्या वड्या बहुतेक काही दिवसांच्याच असताना वापरल्या असतील. तेव्हा साबण व्हायचं काम पुरतं झालेलं नसतं आणि वडी झोंबते. पाच आठवड्यांनंतरही झटका बसत असेल तर दुखणं वेगळं आहे.

ताई, प्रत्येक तेल सोडा वेगवेगळ्या प्रमाणात खातं. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्हला ०.१३५, एरंडेलाला ०.१२८. तुमच्या मूळ कृतीला १४८.७ ग्रॅम सोडा पचला असता. त्यात पाच टक्के कमी घालून तुम्ही १४१ घेता, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि वडी सौम्य होते. खोबरेल काढून ऑलिव्ह ९०० ग्रॅम केल्यावर गरज उरली १३४ ची. म्हणजे सात ग्रॅम सोड्याला खायला तेलच मिळालं नाही.

वड्या टाकू नका. हातमोजे घालून किसा, थोडं पाणी घाला आणि स्टीलच्या भांड्यात, गरम पाण्यावर ठेवून मऊ करा. त्यात १०० ग्रॅम ऑलिव्ह घालून तास-दीड तास मंद आचेवर ठेवा, अधूनमधून ढवळत राहा. त्या १०० ग्रॅमला साडेतेरा ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे फाजील सात ग्रॅम संपून थोडं तेल शिल्लक राहील. रूप ओबडधोबड येईल. गार झाल्यावर पुन्हा जिभेची परीक्षा घ्या. झटका बसला तर ती खेप टाकायचीच, फरशी पुसायलाही नको.

खिडकीतली

मी सोडा कालवताना शेजारी व्हिनेगरची बाटली ठेवते. हातावर उडालं की लगेच ओतायचं, आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात.

पातेलं-वजनकाटा

कट्ट्यावर सांडलेलं पुसून झाल्यावर व्हिनेगर फिरवा, हरकत नाही. अंगावर मात्र नको. तिथे फक्त वाहतं पाणी, निदान पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यात गेलं तर तसंच धूत राहून डॉक्टर गाठायचा. चष्मा माझा कधीच उतरत नाही, कारण एकदा थेंब काचेवर आला होता. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर नाही. आणि ॲल्युमिनियमचं भांडं वर्ज्य. त्यात हायड्रोजन सुटतो आणि भांडंही खाल्लं जातं.

काजळी

मी मेणबत्तीवाला, माझी फजिती काचेची. काचेच्या ग्लासात मेण ओतून दहा जणांना भेट दिली. एकाकडे शेवटी शेवटी ग्लास तडकला. मी जाडसर वात घेतली होती, ज्योत मोठी म्हणजे दिसायला छान, एवढाच विचार. पण मोठ्या ज्योतीने काच तापते आणि मेण तळाशी आलं की ज्योत काचेच्या बुडालाच भाजते.

आता नवा ग्लास, नवं मेण किंवा नवा सुगंध घेतला की आधी एक मेणबत्ती स्वतः जाळतो. ग्लासाची रुंदी जितके इंच, साधारण तितक्या तासांत वितळलेलं मेण काठापर्यंत पोचावं. नाही पोचलं तर मध्ये विहीर पडते, वात बारीक आहे. फार लवकर पोचलं आणि काजळी धरली तर वात जाड आहे. सुगंध मेणाच्या सहा ते आठ टक्केच घालतो. एकदा बारा टक्के घातला तर तो मेणात न मुरता तळाशी तेल म्हणून जमला. आणि तळाला बोटभर मेण उरलं की विझवा, हे चिठ्ठीवर लिहितो. मेण गरम पाण्यावरच वितळवायचं, थेट आचेवर नाही. पेटलंच तर आच बंद करून वर झाकण, पाणी कदापि नाही.

कोनवाला

धाग्यात विचारलेलं वेगळं आहे, तरी विचारतो. माझे धुपाचे कोन अर्ध्यात विझतात. चंदन पावडर जास्त घातली म्हणून का?

काजळी

वाळवलेत कुठे?

कोनवाला

उन्हात, दोन दिवस.

पातेलं-वजनकाटा

वरून कोरडे, आत ओले. सावलीत आठवडाभर वाळवून बघा. कोळशाची पूड थोडी वाढवा आणि कोन बांधायला घालता ते जिगट बेताचं ठेवा, जास्त झालं तर जळण अडतं. कोन तडकले तर वाळवण्याची घाई झाली असं समजा. चंदनाचा दोष असेलच असं नाही.

हिशेबी

माझी चूक पैशांची. वर लिहिलेल्या एक किलो तेलाच्या खेपेत तेल, पाणी, सोडा मिळून सव्वाचौदाशे ग्रॅम भरतं. त्याच्या बारा वड्या, प्रत्येकी ११८ ग्रॅमची. मी वजन ११५ लिहिलं आणि खर्च बाराने भागला. सहा आठवड्यांत पाणी उडून वडी १०५ ची झाली. पहिल्याच गिऱ्हाइकाने काट्यावर ठेवली. ओळखीची होती म्हणून हसली, पण पैसे कमी दिले.

आता वजन वडी सुकल्यावर घेतो आणि खर्च दहाने भागतो, कारण एक तपासायला जाते आणि एक कापताना बिघडते. पाकीट, चिठ्ठी, दोरा आणि कोपऱ्यात अडकलेले सहा आठवडे पहिल्यांदा मी धरलेच नव्हते. तेलापेक्षा सुगंध महाग पडतो हेही तेव्हाच कळलं. विकायला लागलात की सौंदर्यप्रसाधनांचे नियम बघावे लागतात. भेट म्हणून देताना ते मी कधी बघितले नव्हते.

खिडकीतली

माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाला दहा दिवसांत वीस वड्या हव्यात. भेट मिळालेली वडी आवडली म्हणून मागितल्यात. वड्या दोन आठवड्यांच्या आहेत, झोंबत नाहीत. देऊ का?

हिशेबी

द्या, फक्त चिठ्ठीवर "अमुक तारखेनंतर वापरा" लिहा.

पातेलं-वजनकाटा

मी नाही देणार. चिठ्ठी कोण वाचतं? ओल्या वड्या पाण्यात लवकर विरघळतात. गिऱ्हाईक म्हणेल, साबण टिकत नाही.

धागा सुरू करणारी

किसून पुन्हा शिजवल्या. आता दिसायला रव्याच्या लाडवासारख्या झाल्यात. जिभेला झटका नाही, हातही चुरचुरत नाहीत. नावांच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, सध्या घरच्या बेसिनवर एक ठेवलीय.