मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, खायचा सोडा घालावा का?

मृण्मयी_पुणे

आम्ही दोन महिन्यांपूर्वी पुण्याच्या जरा बाहेर, नव्या सोसायटीत राहायला आलो. इथे महापालिकेचं पाणी नाही. वापराला बोअर आणि टँकर, प्यायला आरओ. आल्यापासून तूरडाळ नीट शिजत नाही. पूर्वी तीन-चार शिट्ट्यांत मऊ व्हायची, आता सहा-सात करूनही पाणी वर आणि डाळ खाली. रवीने घोटलं तरी दाताखाली कण येतात. डाळ नेहमीच्याच दुकानातली आहे. स्वयंपाकाला बोअरचंच पाणी वापरते, आरओचं वाया जातं म्हणून.

शेजारच्या काकूंनी कुकर लावतानाच पाव चमचा खायचा सोडा घालायला सांगितलं. वाटीभर डाळीला तेवढा घातला. डाळ अगदी मेणासारखी शिजली, पण वरण पिवळं न होता विटकरी लालसर झालं आणि चवीला साबणासारखं लागलं. वर कुकरच्या शिट्टीतून फेस आला तो वेगळाच.

तर प्रश्न असे:
१. सोडा नक्की किती घालायचा?
२. सोड्याने डाळीतली जीवनसत्त्वं जातात म्हणतात, ते कितपत खरं?
३. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना चालेल का? त्यांचं दोन्ही वेळचं जेवण वरणभातच असतं.

शेखर_दादर

सोडा अजिबात घालू नका. डाळीतलं सगळं सत्त्व नष्ट होतं, प्रथिनंसुद्धा. हॉटेलवाले घालतात म्हणून आपण घालायचं का? आमच्या आईने आयुष्यात डाळीत सोडा घातला नाही. रात्री भिजवा, सकाळी शिजवा.

जुना_अडत्या

लातूरला डाळींच्या धंद्यात हयात गेली, म्हणून लिहितो. पहिला संशय डाळीवर घ्या. नवी तूर साधारण डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते. तुमच्या दुकानदाराकडे मागच्या वर्षीचा माल असू शकतो. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढलेली डाळ कितीही शिजवा, गणंग राहतातच. शिवाय तेल लावलेली डाळ असेल तर पाणी आत शिरत नाही. गरम पाण्याने दोनदा चोळून धुवा, काम होईल.

टेम्सकाठी

लंडनमध्ये आमची हीच रड आहे. इथलं पाणी इतकं जड की किटलीच्या तळाला पांढरा खडूसारखा थर बसतो. पाहुणे येणार म्हणून छोले केले, रात्रभर भिजवलेले, तरी कडक राहिले. आता गाळणीच्या जगमधलं पाणी घेते. एक विचारू का? चहापत्तीच्या पुरचुंडीने छोले काळे होतात, तशी सोड्यानेही रंगाला मदत होते का?

आसावरी_अन्नतंत्र

मृण्मयीताई, वरण लाल का झालं तिथून सुरुवात करते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, तेच तुमच्या कुकरमध्ये झालं. हळद क्षारात लाल पडते. म्हणजे सोडा जास्त झालाय हे सांगायला वेगळी कसोटी नको. वरण पिवळं राहिलं तर प्रमाण ठीक, विटकरी झालं तर जास्त. वाटीभर डाळीला पाव चमचा खूपच झाला. अंगठा आणि एका बोटात मावेल एवढी चिमूट, चमच्याच्या आठव्या भागाहून कमीच, पुरते. फेसही सोड्याचाच. तापल्यावर त्यातून वायू सुटतो, डाळ वर चढते आणि शिट्टीत अडकते. सोडा घालायचाच असेल तर कुकर अर्ध्याच्या खालीच भरा.

पण त्याआधी, तुम्हाला सोडा लागतोय का तेच बघू. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो, पेक्टिन. जॅम ज्याच्यामुळे धरतो तोच. शिजताना तो विरघळला की डाळ फुटते. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला आणखी घट्ट बांधतं. सोडा ती बांधणी सैल करतो आणि पेक्टिन लवकर तोडतो, म्हणून डाळ मेण होते. जुन्या डाळीतही हाच प्रकार होतो, फक्त तिथे कॅल्शियम बाहेरून येत नाही, दमट उष्णतेत साठवणीत दाण्याच्या आतच मोकळं होतं. त्यामुळे अडत्याकाकांचा संशय रास्त आहे. तेलाचं मात्र मला पटत नाही. तेल धुऊन जातं, सहा-सात शिट्ट्यांनंतर त्याचं काही उरत नाही.

दोष पाण्याचा की डाळीचा हे घरीच कळेल. एकाच पाकिटातली डाळ कुकरच्या दोन डब्यांत सारखी घ्या. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत हळद, हिंग, बाकी काही नको. एकाच कुकरमध्ये, एकाच वेळी शिजवा. आरओची शिजली आणि बोअरची नाही, तर पाणी. दोन्ही कच्च्या, तर डाळ. मग पुढचं बोलू.

मृण्मयी_पुणे

खूप आभार! उद्याच करते. पण "बाकी काही नको" का? मी टोमॅटो आणि कोकम कुकरमध्येच घालते. पूर्वीपासून.

आसावरी_अन्नतंत्र

हे आधी सांगायला हवं होतं हो! 🙂 आंबटाने पेक्टिन तुटायचं मंदावतं. महापालिकेच्या मऊ पाण्यात आणि ताज्या डाळीत ते खपून गेलं असेल. जड पाणी आणि आंबट एकत्र आले की मग डाळ हटून बसते. चिंच, कोकम, टोमॅटो, आमचूर, सगळं डाळ शिजल्यावर, फोडणीनंतर घाला. मिठाला लोक उगीच बदनाम करतात, मिठाने एवढं बिघडत नाही.

शेखर_दादर

जीवनसत्त्वांच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही.

आसावरी_अन्नतंत्र

लावते. शेखरदादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. प्रथिनं कुठे जात नाहीत, लोह आणि इतर खनिजंही नाहीत. जातं ते मुख्यतः ब१, म्हणजे थायमिन. ते आंबटात टिकतं, क्षारात आणि वर उष्णता असेल तर पटकन तुटतं. डाळीत क जीवनसत्त्व मुळातच नगण्य, त्याची काळजी नको.

मृण्मयीताई, तुमच्या घरी ब१ला महत्त्व आहे ते सासूबाईंच्या जेवणामुळे. पांढऱ्या तांदळात पॉलिशबरोबर ब१ निघून गेलेलं असतं. दोन्ही वेळा वरणभात म्हणजे ते बरंचसं डाळीतूनच यायचं. त्या डाळीत रोज सोडा पडला तर बरं नाही. कधीतरी एखाद्या भाजीत चिमूट पडली तर त्याने काही अडत नाही.

सोडियमचं सांगायचं तर चमच्याच्या आठव्या भागाएवढ्या सोड्यात साधारण दीडशे मिलिग्रॅम सोडियम असतं. चौघांत वाटलं तर थोडं आहे, आमटीतल्या मिठापुढे तर काहीच नाही. पण पाव चमचा रोज झाला की मोजायला लागतं, आणि त्या दिवशी मीठ तेवढं कमी घालायला हवं. गोळी चालू आहे म्हणून त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचाराच.

कांचन_नाशिक

माझं थोडं वेगळं मत. सोड्याने डाळ निम्म्या वेळात शिजते, म्हणजे उष्णतेने जाणारं ब१ तेवढं वाचतं की. शेवटी फिटंफाट होत असेल. आणि बिघडलेल्या वरणात लिंबू पिळा, सोडा मरतो. रंगही परत पिवळा होतो, मी केलंय.

आसावरी_अन्नतंत्र

लिंबाने रंग आणि साबणाची चव सुधारते हे खरं, पण शिजताना तुटलेलं ब१ परत येत नाही. फिटंफाटीचा मुद्दा मात्र मी सरसकट खोडणार नाही. चिमूट किती, वेळ किती वाचला, डाळ किती जुनी, यावर ते बदलतं. तूरडाळीला सोड्याशिवाय उपाय आहे म्हणून तिच्यासाठी मी "नको" म्हणते. तासभर कुकरमध्ये ठेवूनही न शिजणाऱ्या जुन्या राजम्यासाठी मी भांडायला येणार नाही.

मृण्मयी_पुणे

दोन डब्यांचा प्रयोग केला. आरओच्या डब्यातली डाळ बोटाने दाबली की विरघळत होती. बोअरच्या डब्यातली नुसती फुगली, तिचे दोन तुकडे होत होते आणि मध्ये पांढरा ठिपका दिसत होता. मात्र आरओच्या डब्यातही चार-पाच कडक दाणे निघाले. म्हणजे पाणीच ना?

आसावरी_अन्नतंत्र

मुख्यतः पाणी. ते चार-पाच दाणे अडत्याकाकांच्या खात्यात टाका. डाळ धुवायला बोअरचं चालेल, पण अर्धा तास भिजवायला आणि शिजवायला आरओचं घ्या. डब्यात शिजवलं तर त्यात दोन-तीन वाट्या पाणी लागतं, खालचं बोअरचं असू द्या. आरओ नसेल तेव्हा बोअरचं पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, निवू द्या आणि तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. जडपणाचा काही भाग त्याने जातो, सगळा नाही.

जुना_अडत्या

बघा, चार दाण्यांची तरी इज्जत राखली! उरलेलं पाकीट वरणाला वापरू नका. भाजून, दळून भाजणीत घाला. पुढच्या वेळी पाकिटावरची भरल्याची तारीख बघू नका, माल कुठल्या हंगामाचा ते दुकानदाराला विचारा. पॅकिंग काल झालेलं असतं, तूर दोन वर्षांची.

मृण्मयी_पुणे

😀 विचारते. आणि राजमा, छोले? तिथे तरी सोडा घालू ना?

आसावरी_अन्नतंत्र

घाला, पण भिजवण्याच्या पाण्यात. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा सोडा. रात्रभर ठेवा, सकाळी ते पाणी टाका, दाणे दोनदा धुवा आणि नव्या पाण्यात सोड्याशिवाय शिजवा. शिजताना सोडा नावापुरताच उरतो, म्हणून साल बुळबुळीत होत नाही आणि ब१ही कमी तुटतं. टाकलेल्या पाण्याबरोबर थोडी ब जीवनसत्त्वं जातात, पण पोटात गॅस करणाऱ्या साखराही थोड्या जातात. राजमा पूर्ण शिजला नसेल तर पोट बिघडतं, म्हणून तो अर्धकच्चा कधीच वाढू नका. दाणा दोन बोटांत दाबून बघा, मध्यभागही लोण्यासारखा हवा.

टेम्सकाठी, सोड्याने छोले काळपट होतात खरे, पण जास्त झाला तर सालं सुटून वर तरंगतात. रंगासाठी चहाच बरा.

शेखर_दादर

भिजवायच्या पाण्यात ठीक आहे. पण मी तरी घालणार नाही.

नवखी_सुगरण

एक शंका. घरात बेकिंग पावडर आहे, सोडा नाही. तीच घातली तर?

कांचन_नाशिक

नको. तिच्यात सोड्याबरोबर आम्ल असतं, दोन्ही एकमेकांना मारतात आणि डाळ तशीच राहते. आणि कपडे धुवायचा सोडा चुकूनही नको, तो वेगळा असतो. पापडखार घालतात असं ऐकलंय, कोणी डाळीत वापरलाय का?