नोकरी सोडताना ग्राहक आणि सहकारी ‘न नेण्याची’ अट कितपत बांधते?

मुळशीकर: पुण्यात पेरोलची कामे घेणाऱ्या एका छोट्या कंपनीचा मी राजीनामा दिला असून सध्या नोटीस पीरियडवर आहे. करारात दोन कलमे आहेत. पहिल्यानुसार १२ महिने स्पर्धक कंपनीत नोकरी करता येणार नाही. दुसऱ्यानुसार २४ महिने कंपनीच्या कोणत्याही ग्राहकाला किंवा कर्मचाऱ्याला ‘वळवायचे नाही, त्यांच्याशी संपर्क साधायचा नाही आणि त्यांचे काम स्वीकारायचे नाही’. दोन ग्राहक आणि माझ्या हाताखालची एक सहकारी माझ्यामागोमाग येतील असे दिसते. दोन्ही कलमांना सारखेच घाबरायचे का?

चाकणकर: कशालाच घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २७ नुसार कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसायापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरी सुटली की असल्या सगळ्या अटींची किंमत शून्य होते. एचआरवाले त्या केवळ दबावासाठी लिहून घेतात.

ठाण्याची वकील: चाकणकरांचे म्हणणे पहिल्या कलमापुरते बरोबर आहे, दुसऱ्याला मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच, निरंजन गोलिकारी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या कल्याणच्या कारखान्याशी संबंधित खटल्यात सांगितले. करार संपल्यानंतरचे बंधन मात्र टिकत नाही, हे २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खानविरुद्धच्या पर्सेप्ट डीमार्क खटल्यात पुन्हा स्पष्ट झाले. त्यामुळे १२ महिन्यांच्या अटीची काळजी नको.

‘वळवू नका’ ही अट तुम्हाला पोट भरण्यापासून रोखत नाही. ती एक विशिष्ट कृती करण्यापासून रोखते, आणि न्यायालये याच फरकावर बोट ठेवतात. २००९ च्या डेसिकंट रोटर्स खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने माजी मार्केटिंग व्यवस्थापकाला स्पर्धकाकडे नोकरी करण्यापासून रोखण्यास नकार दिला, पण जुन्या कंपनीच्या ग्राहकांना आणि पुरवठादारांना धंद्यासाठी गाठण्यास मनाई केली. एकाच माणसाविरुद्ध, एकाच दाव्यात एक मागणी फेटाळली गेली आणि दुसरी मान्य झाली.

आता तुमच्या कलमातली क्रियापदे पाहा. ‘वळवणे’ ही मनाई टिकण्याची बरीच शक्यता आहे. ‘संपर्क साधणे’ धंद्यासाठी असेल तर तीही टिकेल, दिवाळीच्या शुभेच्छांना कुणी हरकत घेणार नाही. ‘काम स्वीकारणे’ ही मनाई मात्र माझ्या मते पहिल्या कलमाचेच सोंग आहे. ग्राहक आपण होऊन आला तरी त्याला परत पाठवायचे, म्हणजे त्या ग्राहकापुरता तुमचा धंदा बंदच. जून २०२५ मध्ये वरुण त्यागी खटल्यात असेच काहीसे घडले. सॉफ्टवेअर कंपनीच्या ज्या ग्राहक संस्थेसाठी तो अभियंता काम करत होता, तिथेच तो रुजू झाला. करारात तीन वर्षे तसे न करण्याची अट होती. खालच्या न्यायालयाने दिलेली मनाई दिल्ली उच्च न्यायालयाने उठवली.

नाशिकचा उद्योजक: वकीलबाईंचे विवेचन वाचायला छान आहे, पण धंदा करणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे. माझ्याकडच्या एका व्यवस्थापकाने जाताना तीन कारखाने आणि त्यांची हजेरी-प्रणाली तोंडपाठ असलेल्या दोन मुली नेल्या. त्या कारखान्यांशी त्याची ओळख माझ्या खर्चाने, माझ्या नावावर झाली होती. वळवणे फोनवर होते आणि फोनवरचे बोलणे मी कसे सिद्ध करणार? उद्या कोर्टात प्रत्येक ग्राहक ‘मी आपण होऊनच गेलो’ असेच सांगेल. म्हणून आम्ही ‘स्वीकारू नये’ असे लिहितो, कारण नवे बिल कुणाच्या नावाने निघाले एवढे तरी दाखवता येते.

ठाण्याची वकील: सिद्ध करणे अवघड असते हे मान्य, पण पुरावा सोपा व्हावा म्हणून वैध अट ताणून अवैध केली तर हाती काहीच राहत नाही. आणि पुरावा वाटतो तितका दुर्मीळ नसतो. जाणारी माणसे शेवटच्या महिन्यात स्वतःच तो तयार करतात : कंपनीच्या मेलवरून ग्राहकांची दरपत्रके खासगी मेलवर पाठवतात, नाहीतर निरोपाच्या पत्रात नव्या कंपनीचे नाव आणि नंबर देतात. ग्राहकाचे काम सोडल्याचे पत्र आणि नव्या कंपनीचे कोटेशन यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की कोण कुणाकडे गेले ते बहुधा कळते. कोटेशन आधीचे असेल तर ‘आपण होऊन आलो’ हे सांगणे कठीण जाते.

दोन मुलींबाबत मात्र तुमच्या हाती फारसे नाही. २००६ च्या विप्रो विरुद्ध बेकमन कूल्टर खटल्यात एकमेकांची माणसे न फोडण्याची अट दोन कंपन्यांमध्ये होती. वितरण करार संपल्यावर, आपल्या उपकरणांचा अनुभव असलेली माणसे हवीत अशी जाहिरात बेकमनने दिली. तो अनुभव मुख्यतः विप्रोच्याच लोकांना असल्याने न्यायालयाने ती जाहिरात म्हणजे फोडणेच मानले आणि पुढे तसे करण्यास मनाई केली. पण जे कर्मचारी निघून गेले होते त्यांना अडवले नाही. अट फोडणाऱ्याला बांधते, फुटणाऱ्याला नाही.

सॅन होजेकर : आमच्याकडे कॅलिफोर्नियात हा वाद पुष्कळसा मिटलेला आहे. २००८ च्या एडवर्ड्स खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने नॉन-कॉम्पीट म्हणजे स्पर्धा न करण्याच्या अटीबरोबर ग्राहकांबाबतची अटही रद्द ठरवली आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने सहकारी न नेण्याची अटही मोडीत काढली. गंमत म्हणजे इथला नियमही मुळात १८७२ च्या संहितेतलाच. मग भारतातच हा भेद कशाला?

ठाण्याची वकील: मूळ तर एकच आहे. कलम २७ हे न्यूयॉर्कसाठी डेव्हिड डडली फील्ड यांनी केलेल्या मसुद्यावरून घेतले गेले. तुमच्या न्यायालयांनी शब्द काटेकोरपणे लावले, आमच्या उच्च न्यायालयांनी ग्राहक वळवण्यापुरती वाट मोकळी ठेवली. ती योग्य की अयोग्य यावर वकिलांतही एकमत नाही.

सोलापूरची रेवती : माझाही असाच प्रश्न आहे. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरावे लागतील, असा बाँड माझ्याकडून घेतला आहे. तोही कलम २७ ने रद्द होतो ना?

ठाण्याची वकील: रेवती, तो वेगळा विषय आहे. बाँड नोकरीच्या काळापुरता असतो. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन लाखांचाच बाँड वैध ठरवला. रक्कम वाजवी आहे का, एवढेच तुमच्या बाबतीत तपासावे लागेल.

चाकणकर: मग लिंक्डइनचे काय? नव्या नोकरीची पोस्ट टाकली आणि जुन्या ग्राहकाने ती वाचून फोन केला, तर तेही वळवणे का?

ठाण्याची वकील: नुसते ‘इथे रुजू झालो’ एवढेच असेल तर मी नाही म्हणेन. ‘पेरोलच्या कामासाठी संपर्क साधा’ अशी ओळ जोडली आणि तुमच्या यादीत निम्मे लोक जुने ग्राहक असले, तर विरुद्ध बाजूचा वकील विप्रो खटल्यातल्या जाहिरातीचा दाखला हमखास देईल. न्यायाधीश तो मानतील की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही.

नाशिकचा उद्योजक: म्हणजे शेवटी नुकसान आमचेच. ‘स्वीकारू नये’ हे शब्द मी तरी काढणार नाही.

मुळशीकर: सर्वांचे आभार. एक सांगायचे राहिले. त्या दोनपैकी एका ग्राहकाने मेल करून ‘तुम्ही कुठे चाललात’ असे विचारले होते. त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. दुसऱ्याला मात्र गेल्या आठवड्यात मीच म्हणालो की नव्या ठिकाणी आम्ही दर थोडे कमी ठेवू.

ठाण्याची वकील: दुसऱ्या ग्राहकाचे काम घेऊ नका. तुम्ही अजून पगारावर आहात, त्यामुळे ते बोलणे कलम नसते तरी मालकाशी असलेल्या कर्तव्याचा भंगच ठरते, आणि कलम २७ इथे मदतीला येणार नाही. पहिल्याला नोकरी सुटल्यानंतर, दराचा उल्लेख न करता, फक्त विचारले तेवढेच उत्तर द्या आणि त्याचा मूळ मेल जपून ठेवा.