झाकण लावलेला लॅपटॉप आणि रॅममधली चावी

मंगेश, दिग्रस
आमचं सेवा केंद्र आहे. पीकविम्याच्या दिवसांत शेतकऱ्यांचे आधार, पासबुक, सातबारा सगळं लॅपटॉपमध्ये असतं. विंडोज प्रो आहे, डिस्क कूटबद्ध करणारं बिटलॉकर चालू आहे. जेवायला जाताना झाकण लावून जातो. भाचा म्हणतो, लॅपटॉप चोरीला गेला तर कोल्ड बूट हल्ल्यानं रॅममधून बिटलॉकरची चावी काढता येते. खरं आहे का?

विलासभाऊ दारव्हेकर
काही नाही होत बाप्पा. वीज गेली की रॅम विसरते. ते गार करून चावी काढायचे प्रयोग थंड मुलखातले. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश, चोरानं बर्फ काढेपर्यंत चावी उडून जाईल.

स्मिता रा.
विलासभाऊ, उष्णतेनं रॅम लवकर विसरते हे बरोबर. पण चोर खोलीच्या तापमानावर विसंबून राहत नाही. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी कीबोर्डची धूळ उडवायचा साधा स्प्रे डबा उलटा धरून चालू मशीनच्या रॅमवर मारला. चिप उणे ५० अंशांच्या आसपास गेली. मग वीज तोडून १० मिनिटं ठेवली, तरी १ टक्काही बिट बिघडले नाहीत. तेवढे बिघडले तरी चालतं, कारण बिटलॉकर ज्या एईएस पद्धतीनं डिस्क कूटबद्ध करतं तिची चावी रॅममध्ये एकटी नसते. तिच्यापासून काढलेल्या फेऱ्यांच्या चाव्या शेजारीच असतात आणि त्यांचं आपसातलं गणित ठरलेलं असतं. त्यावरून चुकलेले बिट दुरुस्त होतात.

रॅम सोल्डर केलेली असली तर ती काढून दुसऱ्या मशीनमध्ये वाचता येत नाही, पण वीज क्षणभर तोडून लगेच पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करता येतं. एवढ्या वेळात ४५ अंशांतही सगळं पुसलं जाईल याचा भरवसा नाही. सुरू होताना रॅम पुसून घ्यायची सोय नव्या मशीनमध्ये असते. २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीच्या दोघांनी फर्मवेअरच्या मेमरीतली या सोयीची नोंद बदलून पुसणं बंद करून दाखवलं.

मंगेशदादा, झाकण लावलं की तुमचा लॅपटॉप बहुतेक स्लीपमध्ये जातो. स्लीपमध्ये रॅमला वीज चालूच असते, चावीही तिथेच.

प्रभाकरकाका
आमच्या लॅपटॉपलेही हाच कोल्ड बूटचा त्रास हाये. डिसेंबरात सकाळी बटन दाबलं का दहा मिनिटं नुसतं गोल फिरते. रॅम बदलू का?

स्मिता रा.
काका, तो प्रश्न वेगळा. आधी हार्ड डिस्क तपासून घ्या.

नितीन, वाशीम
ताई, हे सगळं प्रयोगशाळेत ठीक. बसस्टँडवर लॅपटॉप उचलणारा दोन-चार हजारांत विकून मोकळा होतो, स्प्रे घेऊन फिरत नाही. आपल्याकडे पासवर्ड स्क्रीनला चिटकवलेला असतो, आधी तो काढा. शिवाय ज्याला चावीच हवी तो व्हायरस टाकेल. चालू मशीनची रॅम आतूनच वाचता येते, त्याला ना स्प्रे लागतो ना चोरी.

स्मिता रा.
व्हायरसचं पटलं. मशीन चालू असताना आतून कोणी रॅम वाचत असेल, तर मी खाली सांगते त्यातलं काहीच उपयोगाचं नाही. भुरटा चोरही स्प्रे मारणार नाही, मान्य. पण तो ज्याला विकतो त्याला आत शेकडो आधार कार्डं आहेत हे कळलं तर?

मला जास्त काळजी दुसरीच आहे. बिटलॉकर नुसत्या टीपीएमवर, म्हणजे मशीनमधल्या चावी सांभाळणाऱ्या चिपवर असेल तर मशीन पूर्ण बंद करूनही भागत नाही. चोर बटण दाबतो, टीपीएम कुणालाही न विचारता चावी रॅममध्ये आणून ठेवतो, लॉगिनचा पडदा त्यानंतर येतो. म्हणजे हल्ल्याला लागणारी चावी मशीनच तयार ठेवतं. ॲडमिन म्हणून हे बघा:

```
manage-bde -protectors -get C:
```

त्यात फक्त `TPM` दिसलं, `TPM And PIN` नाही, तर तुमचं असंच आहे. ग्रुप पॉलिसीत `Require additional authentication at startup` चालू करा, रिकव्हरी की कागदावर उतरवून घरी ठेवा, मग:

```
manage-bde -protectors -add C: -TPMAndPIN
powercfg /hibernate on
```

नंतर पॉवर ऑप्शनमध्ये झाकण लावल्यावर `Hibernate` निवडा. त्यात रॅममधलं सगळं कूटबद्ध डिस्कवर उतरतं आणि वीज बंद होते. पुन्हा सुरू करताना पिन दिल्याशिवाय चावी रॅममध्ये येत नाही. बंद झाल्यावर पहिली काही मिनिटं मात्र मशीन नजरेआड करू नका.

मंगेश, दिग्रस
फक्त `TPM` च दिसलं. पण आम्ही तिघं बसतो, लाइट दिवसातून चारदा जाते, बॅटरी जेमतेम टिकते. दर वेळी पिन टाकायचा म्हणजे तो तिघांना माहीत, आणि आठवड्यात भिंतीवर लिहिलेला.

नितीन, वाशीम
हेच म्हणत होतो. भिंतीवरचा पिन स्प्रेपेक्षा स्वस्त.

स्मिता रा.
भिंत केंद्रात राहते, लॅपटॉप एसटीत जातो. चोरी एसटीत झाली तर भिंतीवरचा पिन चोराला दिसत नाही. केंद्रच फोडलं तर नितीन बरोबर.

विलासभाऊ दारव्हेकर
माझ्याकडं विंडोज होम आहे. पिनचा पर्यायच नाही दिसत जी.

स्मिता रा.
होममध्ये तो मिळतच नाही. तिथे हायबरनेट करूनही टीपीएमची अडचण तशीच राहते. शेतकऱ्यांच्या फाइली त्या मशीनवर ठेवायच्याच असतील तर वेगळ्या पासवर्डनं कूटबद्ध केलेल्या व्हॉल्यूममध्ये ठेवा, आणि उठताना तो बंद करून उठा.