फ्लेक्सी-कॅप म्हणजे मोकळं रान, की वेष बदललेला लार्ज-कॅप?

रानपाखरू: फ्लेक्सी-कॅप म्युच्युअल फंड ही शुद्ध धूळफेक आहे. कुठेही पैसा फिरवायची मोकळीक म्हणून फी घ्यायची आणि सत्तर टक्के लार्ज-कॅपमध्ये ठेवून झोपा काढायच्या. मल्टी आणि मिड-कॅप निदान नावाला जागतात.

जमाखर्च: हे वाचून चहा गार झाला, म्हणून जरा लांब लिहितो. फ्लेक्सीला सेबीची अट एकच आहे, 65 टक्के शेअर्समध्ये. कोणत्या आकाराच्या, याची अट नाही. म्हणजे सत्तर टक्के लार्ज ठेवणं हीदेखील मोकळीकच झाली. पण मॅनेजर तिथे का चिकटतो ते बघा. बहुतेकांचं मोजमाप होतं निफ्टी 500 शी, आणि त्या निर्देशांकातच पहिल्या शंभर, म्हणजे लार्ज-कॅप, कंपन्यांचं वजन सत्तरच्या आसपास असतं. स्मॉल-कॅप चाळीसवर नेले आणि डाव फसला, तर नोकरी मॅनेजरची जाते, तुमची नाही. दोर नियमाने बांधलेला नाही, तुलनेने बांधलाय. मल्टीमध्ये मात्र लार्ज, मिड, स्मॉल तिन्हीकडे किमान 25-25-25 टक्के हवेतच. स्मॉल-कॅप कितीही महाग वाटले तरी पाव हिस्सा तिथेच ठेवायचा. ही शिस्त की बेडी, तुम्हीच ठरवा.

सुमीची_आई: माझं ऐका. 2018 पासून माझी मल्टी-कॅपमध्ये एसआयपी होती. 2021 च्या सुरुवातीला तोच फंड फ्लेक्सी झाला. ईमेल आला होता म्हणे, मी पाहिलाच नाही. एजंट म्हणाला, "ताई, तुमचा फंड बदलला, आता खरा मल्टी-कॅप घ्या." जुना मोडून नव्यात घातला. कर भरला, शेवटच्या काही हप्त्यांवर लवकर पैसे काढल्याचा एक्झिट लोडही गेला. नंतर कळलं की फंडातले शेअर्स जवळपास तेच राहिले होते, बदललं होतं ते नाव.

जमाखर्च: ताई, सप्टेंबर 2020 मध्ये सेबीने 25-25-25 चा नियम आणला, जानेवारी 2021 अखेरची मुदत दिली. मोठ्या फंडांना इतके स्मॉल-कॅप उचलणं अवघड होतं, म्हणून नोव्हेंबरमध्ये फ्लेक्सी हा नवा गट आला आणि बहुतेकांनी तिकडे उडी मारली. तुमचा फंड बदलला नव्हता, बदलायचं टाळायला त्याने पाटी बदलली होती!

वितरक_मोरपीस: एजंटांना झोडपायचं नवं निमित्त मिळालं वाटतं. पंधरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन फॉर्म भरले आम्ही. बाजार पडला की मध्यरात्री फोन आम्हालाच. एजंटाशिवाय थेट फंड घेणाऱ्या डायरेक्टवाल्यांना कोण धीर देतं?

सुमीची_आई: धीर नको होता हो, तो ईमेल वाचून दाखवला असता तरी पुरे होतं.

रानपाखरू: 😂 एजंटाच्या कमिशनवर वेगळा धागा काढा. मिड-कॅपबद्दल बोला. तिथे शेअर वाढून लार्ज झाला की विकावाच लागतो, म्हणजे जिंकणारा घोडाच विकायचा. तरी नावाला जागतो, हे खरं.

जमाखर्च: अर्धं बरोबर. फंड कंपन्यांची संघटना ॲम्फी दर सहा महिन्यांनी यादी काढते. बाजारमूल्यानुसार 101 ते 250 क्रमांक मिड. अट फंडाचे किमान 65 टक्के मिडमध्ये ठेवण्याची आहे, एकेका शेअरची नाही. समजा हजार कोटींचा फंड: मिड 700, लार्ज 180, स्मॉल 80, रोख 40. साठ कोटींचा एक शेअर नव्या यादीत लार्ज झाला. मिड उरले 640, म्हणजे 64 टक्के. मॅनेजरला तो शेअर विकायची गरज नाही, रोखीतून दहा कोटींचे मिड घेतले की 65 पूर्ण. त्यासाठी महिनाभर मिळतो. पंचाईत होते ती उरलेले 35 आधीच भरलेले असतील आणि रोख संपली असेल तेव्हा. मग काहीतरी विकावं लागतंच, पण कोणतं ते मॅनेजर ठरवतो. आणि त्या 35 मध्ये त्याने स्मॉल भरले तर तुमचा "मिड" फंड एक तृतीयांश स्मॉलच. महिन्याचा पोर्टफोलिओ उघडून बघा, नावावर जाऊ नका.

रानपाखरू: बरं बाबा, विकावाच लागतो हे मागे घेतो. पण मग त्याच 35 मधून तुमचा मिड-कॅपवालाही मोकळाच झाला की! फ्लेक्सीचं कौतुक मला अजून पटलेलं नाही.

वितरक_मोरपीस: महिन्याचा पोर्टफोलिओ कोण उघडतं? मी तरी ग्राहकांना पाठवतो. कुणी वाचत नाही.

सुमीची_आई: मला पाठवा. आता वाचते.